बेगलचा वडापाव केला, पण उदाहरण बदललं

वाचकाचं पत्र

«मी पलूस तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. आम्हाला इंग्रजी शाब्दिक उदाहरणांचा एक संच मिळाला आहे आणि तो मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं आहे. त्यात डॉलर, सेंट, बेगल नावाचा पाव, पिझ्झा, हॉटेलातली टिप असं सगळं आहे. डॉलरचे रुपये आणि बेगलचा वडापाव केला, तर वडापाव 1.75 रुपयांना होतो आणि मुलं हसतात. खरे भाव घातले तर उदाहरण इतकं सोपं होतं की त्यात काही उरतच नाही. मुख्याध्यापक म्हणतात, आहे तसं ठेवा, मुलांना जग कळू दे. सहकारी म्हणतात, सगळं ऊस-द्राक्षांत बसवा. टिपेच्या उदाहरणापाशी तर मी आठवडाभर अडकले आहे. काय करू?»
– एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर

बाई, नमस्कार.

तुमची मुलं हसली हे वाचून मला बरं वाटलं. 1.75 रुपयांच्या वडापावला हसणारं मूल उदाहरण वाचतंय, त्यातला व्यवहार डोळ्यांसमोर आणतंय. न हसता आकडे उचलून बेरीज करणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटते.

मिरजेत शिकवत असताना मीही असाच एक संच मराठीत केला होता. पहिल्या फेरीत मी सॅमचा समीर केला, सुपरमार्केटचं किराणा दुकान केलं, डॉलरच्या जागी रुपये लिहिले आणि काम झालं असं समजले. मग चार मुलांना बसवून ती उदाहरणं सोडवायला दिली. दोन उदाहरणांवर मुलं अडून बसली. तीन अशी सोपी झाली होती की मुलांनी पेन्सिलही उचलली नाही. परकेपणा नावांत आणि पदार्थांत असतो असं मी धरून चालले होते, आणि तुमच्या पत्रातही मला तेच गृहीत धरलेलं दिसतं. समीर असो की सॅम, मुलांना काही फरक पडला नाही. अडचण आकड्यांची होती, आणि तो व्यवहार कसा घडतो याची होती.

तुमच्या संचात असेल तसंच एक उदाहरण घेऊ. सॅमकडे 5 डॉलर आहेत. त्यानं 1.75 डॉलरचा बेगल आणि 95 सेंटचा ज्यूस घेतला. त्याला किती पैसे परत मिळतील? उत्तर 2.30 डॉलर.

आता बेगल बाजूला ठेवा आणि हे उदाहरण मुलाकडून काय काम करून घेतं ते पाहा. एक किंमत डॉलरमध्ये आहे आणि दुसरी सेंटमध्ये, म्हणजे 95 चे 0.95 करायला हवेत. हे उदाहरण सांगत नाही, मुलानं ओळखायचं आहे. मग दशांश अपूर्णांकांची हातच्याची बेरीज. शेवटी 5 मधून 2.70 वजा करायचे, म्हणजे 5 चे 5.00 करून उसना घ्यायचा. म्हणून इथल्या चुकाही ठरलेल्या असतात. कोणी 1.75 आणि 95 तसेच मिळवून 96.75 आणतं. कोणी बेरीज नीट करतं, पण वजाबाकीत उसना घेतलेला विसरून 3.30 लिहितं. या चुका लक्षात ठेवा, पुढे त्यांचा उपयोग आहे.

नुसतं चिन्ह बदलून रुपये केले की काय होतं, ते तुम्ही पाहिलंच आहे. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 नंतर चलनातून गेली. तुमच्या सातवीतली मुलं त्यानंतर जन्मलेली आहेत. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं चालतं, पण गावातल्या दुकानात ते कोणी पुढे करत नाही. पंच्याहत्तर पैसे ही या मुलांच्या लेखी किंमतच नाही.

खरे भाव घातले तर? 50 ची नोट, वडापाव 20 ला, ताक 15 ला, परत 15. तिसरीतलं मूलही हे तोंडी सांगेल. दशांश गेला, सेंटचं डॉलर करणं गेलं, उसना गेला. उदाहरण चुकीचं नाही, पण ते दुसरंच उदाहरण आहे. आजच्या विनिमय दरानं गुणणारेही मी पाहिले आहेत. त्यात भावही खरे राहत नाहीत आणि आकडेही विचित्र होतात, त्यामुळे ती वाट सोडूनच द्या.

मी काय केलं ते सांगते. आकडे तसेच ठेवले आणि ते आकडे आपल्याकडे आज कुठे नांदतात ते शोधलं. 1.75 आणि 95 दुकानातल्या किमतीत राहिले नाहीत, पण कापडात ते रोज असतात. म्हणून उदाहरण असं झालं: «शिलाई करणाऱ्या मावशींनी 5 मीटर कापड आणलं. त्यातलं 1.75 मीटर सदऱ्याला लागलं आणि 95 सेंटिमीटर पिशवीला. किती कापड उरलं?» उत्तर 2.30 मीटर. बेरीज तीच, उसना तोच. शंभर सेंटचा डॉलर तसा शंभर सेंटिमीटरचा मीटर, म्हणून 95 चे 0.95 करण्याची अडचणही तिथेच राहिली.

हा शंभराचा मेळ फार जपा. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी कापडाऐवजी साखर घेतली होती: 5 किलो साखर, त्यातली 1.75 किलो एकदा, 95 ग्रॅम एकदा. दिसायला अगदी सारखं. पण किलोत हजार ग्रॅम असतात, त्यामुळे 95 ग्रॅमचे 0.095 होतात. दशांशाची तिसरी जागा आली आणि पाचवीचं उदाहरण एकदम अवघड झालं. तीन मुलांनी 0.95 धरून 2.30 किलो उत्तर काढलं आणि मी त्यांना चूक दिली. त्यांनी मूळ उदाहरणातलं सगळं काम बरोबर केलं होतं. अडचण मी घातली होती. तेव्हापासून एकक बदललं की मी आधी ते शंभराचं आहे की हजाराचं, हे पाहते. लिटर-मिलिलिटर आणि किलो-ग्रॅम हजाराचे, मीटर-सेंटिमीटर आणि रुपये-पैसे शंभराचे.

पैशांतलेच दशांश हवे असतील तर तेही आपल्याकडे आहेत, फक्त वडापावच्या गाडीवर नाहीत. दूध संकलन केंद्राची पावती घ्या. तिच्यावर लिटर, फॅट, दर आणि रक्कम छापलेली असते आणि दरात पैसे असतात. «गाईचं 4.5 लिटर दूध घातलं, दर लिटरला 33.40 रुपये, किती रुपये झाले?» उत्तर 150.30. एक गॅलन पेट्रोल इतक्या डॉलरला अशी जी गुणाकाराची उदाहरणं तुमच्या संचात असतील, ती या पावतीवर आणता येतील. घरी जनावरं असलेल्या मुलांनी ती पावती पाहिलेली असते. बाकीच्यांना एक कोरी पावती फळ्यावर काढून दाखवा. पेट्रोल पंपाचं मीटर आणि विजेचं बिल हीसुद्धा पैशांतल्या दशांशांची चालती ठिकाणं आहेत.

आता 2.99 आणि 4.99 डॉलरसारख्या किमती. इथे दशांश हा मुद्दाच नसतो. 3 आणि 5 धरायचे, आठ होतात, दोन सेंट कमी करायचे, म्हणजे 7.98, हे तोंडी सुचावं म्हणून ते उदाहरण दिलेलं असतं. त्यामुळे इथे रुपये करायला काहीच हरकत नाही. 299 चा टी-शर्ट आणि 499 ची पँट घ्या. सांगलीतल्या कुठल्याही सेलमध्ये हे भाव दिसतात, मुलांना ते खरे वाटतात आणि युक्ती जशीच्या तशी राहते: तीनशे आणि पाचशे आठशे, त्यातून दोन कमी, 798. पण 49 आणि 29 घेतलेत तर एक गोष्ट लक्षात असू द्या. मराठीत आपण एकोणपन्नास आणि एकोणतीस म्हणतो. एक उणे पन्नास, एक उणे तीस. युक्ती शब्दातच सांगितलेली आहे. पन्नास आणि तीस ऐंशी, दोन कमी, अठ्ठ्याहत्तर. नव्व्याण्णव या शब्दात तो इशारा नाही. म्हणून मी युक्ती शिकवताना 49 आणि 29 घेते आणि ती मुलाला आपणहून सुचते का हे पाहायचं असेल तेव्हा 299 आणि 499.

नाण्यांच्या उदाहरणांचंही तसंच. अमेरिकेत 25 सेंटच्या नाण्याला क्वार्टर म्हणतात, म्हणजे डॉलरचा चौथा भाग. «3.75 डॉलरमध्ये किती क्वार्टर?» असा प्रश्न त्यांच्याकडे नेहमी येतो, उत्तर 15. पंचविसाचं नाणं आपल्याकडे आता नाही. आणि क्वार्टर हा शब्द कृपा करून तसाच ठेवू नका, गावात त्याचा अर्थ दारूची बाटली होतो आणि ज्यांच्या घरात त्यावरून भांडणं होतात अशी मुलं वर्गात बसलेली असतात. त्याऐवजी पाव किलो घ्या. «पावणेचार किलो शेंगदाण्यांच्या पाव-पाव किलोच्या किती पुड्या होतील?» तीन किलोच्या बारा, पाऊण किलोच्या तीन, पंधरा. चाराचा हिशेब टिकला. इथे «250 ग्रॅम» लिहिलंत तर पुन्हा हजार मध्ये येतो आणि मूल 3750 ला 250 नं भागायला बसतं.

पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या भाषेतलं गणिताचं मोठं धन आहे, पण भाषांतरात ते जपून वापरावे लागतात. मूळ उदाहरणात 1.75 असताना तुम्ही पावणेदोन लिहिलंत, तर दोन वेगळ्या गोष्टी होतात. ज्या मुलाला घरातून पावणेदोन माहीत आहे, ते दोनातून पाव काढून मोकळं होतं, दशांशाला हातच लावत नाही. ज्याला माहीत नाही, ते अडकतं, आणि ते गणितात अडकलं की शब्दात, हे तुम्हाला कळत नाही. पावणेचारला चार पूर्णांक एक चतुर्थांश समजणारी मुलं सातवीतही भेटतात. पावणेदोन म्हणजे 1.75 पण पावणेदोनशे म्हणजे 175, ही गोष्टही कोणीतरी सांगावी लागते. म्हणून परीक्षेच्या उदाहरणात आकडा ठेवा. वर्गात मात्र मुद्दाम दोन्ही बाजूंनी विचारा: पावणेदोन मीटर कापड दुकानदार पावतीवर कसं लिहील? 2.25 ला आजी काय म्हणेल? घरचं सव्वादोन आणि वहीतलं 2.25 एकच आहेत, हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं असं आपण धरतो, पण तसं होत नाही.

इथेच मला तुमच्या सहकाऱ्यांबद्दल बोलायचं आहे. सगळं ऊस-द्राक्षांत बसवलं की मुलांना गणित येईल, असं त्यांना वाटतं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास 2025 साली प्रसिद्ध झाला. ती मुलं भाजीचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी अचूक करत होती, पण वहीतली शाळेच्या धर्तीची गणितं आली की अडखळत होती. आणि शाळेतल्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांची गोष्ट उलटी होती, वहीत जमणारं गणित त्यांना बाजारातल्या व्यवहारात लावता येत नव्हतं. द्राक्षांचं चित्र घातल्यानं या दोन्हींमधला पूल तयार होत नाही. तो सव्वादोन आणि 2.25 एकमेकांशेजारी लिहून, बोलून बांधावा लागतो.

ओळखीच्या संदर्भाची आणखी एक अडचण आहे. मूल तो जितका नीट ओळखतं, तितकं ते तुमच्या आकड्यांवर अविश्वास दाखवतं. मूळ उदाहरण होतं की प्रत्येक गाडीत 9 जण बसतात, 30 मुलांना किती गाड्या लागतील. तीन गाड्यांत सत्तावीस बसतात, उरलेल्या तिघांसाठी चौथी हवी, बाकी उरली की उत्तर एकनं वाढवायचं, हे शिकवायचं होतं. मी त्या गाडीचं वडाप केलं, म्हणजे आपल्या रस्त्यावरची प्रवासी जीप, खरी गोष्ट म्हणून. एका मुलीनं उत्तर लिहिलं, तीन. मी विचारलं, उरलेल्या तिघांचं काय? ती म्हणाली, «बाई, एकेका वडापात दहा बसतील की. मागं दाटून बसायचं.» तिचं वडाप माझ्या वडापापेक्षा खरं होतं. तिला चूक देण्यात काही अर्थ नव्हता. मी ते उदाहरण अंड्यांच्या ट्रेवर नेलं: एका ट्रेत 30 अंडी मावतात, 100 अंड्यांना किती ट्रे लागतील? तीन भरतात, दहा अंडी उरतात, चौथा ट्रे घ्यावाच लागतो. ट्रेमध्ये एकतिसावं अंडं दाटून बसत नाही.

पिझ्झ्याची भाकरी करतानाही हेच घडतं. पिझ्झा आठ सारख्या भागांत कापतात म्हणून तो अपूर्णांकांसाठी घेतात. भाकरी कोणी कापत नाही, हातानं मोडतात, आणि चतकोर भाकरी क्वचितच खरोखर चौथा भाग असते. तिच्यावरून समान भाग शिकवायला गेलात तर मूळ कल्पनाच निसटते. इथे साधा केक ठेवा. तुमच्या वर्गातल्या जवळपास प्रत्येकानं कुणाच्या तरी वाढदिवसाला केक कापलेला पाहिलेला असतो. परकं काय आणि आपलं काय हे आपण आपल्या लहानपणावरून ठरवतो, ते आजच्या मुलांना विचारून ठरवायला हवं. बेगल त्यांना माहीत नाही, पण ज्यूस, बर्गर, केक माहीत आहेत. ते बदलत बसायची गरज नाही.

आणि आपलं म्हणजे नेमकं कोणाचं, हाही प्रश्न तुमच्या भागात मोठा आहे. द्राक्षाचा दर आपण चार किलोच्या पेटीवर बोलतो. «पेटीला 200 रुपये दर, 60 किलो द्राक्षांचे किती?» असं लिहिलंत तर बागायतदाराचं मूल मनातल्या मनात चारानं भागतं, पंधरा पेट्या काढतं आणि 3000 सांगतं. पण तुमच्या वर्गात गळीत हंगामात ऊसतोड कामगारांचीही मुलं येऊन बसत असतील, बीडकडची. त्यांना पेटी किती किलोची हे कोण सांगणार? बेगल अख्ख्या वर्गाला परका असतो. ही पेटी नेमकी त्याच मुलांना परकी असते, आणि त्यांच्या कोऱ्या वहीवरून आपण समजतो की त्यांना भागाकार येत नाही. म्हणून माप उदाहरणातच लिहा: «द्राक्षाची एक पेटी 4 किलोची असते.» पाच-सहा शब्दांचं काम आहे.

शब्दरचनेबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती मला सगळ्यात जास्त ठिकाणी चुकलेली दिसते. मूळ इंग्रजीत दुकानदारानं परत दिलेल्या पैशांना जो शब्द आहे, त्याचं भाषांतर पुष्कळजण «सुट्टे» करतात. «राजूला किती सुट्टे मिळतील?» वाचून एका मुलानं मला विचारलं होतं, «कितीच्या नोटेचे?» त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे सुट्टे म्हणजे नोट मोडून घेतलेले पैसे. दुकानदार देतो ते परत आलेले पैसे. «दुकानदार किती रुपये परत देईल?» असं सरळ विचारा. आता बरीच घरं फोननं स्कॅन करून नेमकी रक्कम देतात, तिथे परत काहीच येत नाही, म्हणून «100 ची नोट दिली» हे वाक्य गाळू नका. मूळ इंग्रजीत ते गृहीत धरलेलं असलं तरी मराठीत लिहा.

बदललेलं उदाहरण जमलं की नाही हे कसं ओळखायचं? सगळ्या वर्गावर टाकण्याआधी पाच-सहा मुलांना द्या, वेगवेगळ्या वस्त्यांवरची निवडा. आधी आकडे झाकून नुसती गोष्ट वाचायला द्या आणि विचारा, इथे काय चाललंय, शेवटी काय शोधायचंय? मूल हे आपल्या शब्दांत सांगू शकलं नाही तर दोष संदर्भाचा किंवा वाक्याचा आहे, गणित अजून सुरूच झालेलं नाही. मग आकडे दाखवा, सोडवू द्या, आणि चुकलेली उत्तरं नीट बघा. कापडाच्या उदाहरणात कोणी 96.75 आणलं, कोणी 3.30 आणलं, तर तुमचं रूपांतर मुळाशी इमानदार आहे, कारण मुलं तिथेच चुकतायत जिथे सॅमच्या उदाहरणात चुकली असती. नव्याच तऱ्हेची उत्तरं आली, कोऱ्या जागा आल्या, «असं नसतं बाई» आलं, किंवा सगळ्यांनी क्षणात बरोबर सांगितलं, तर उदाहरण कुठेतरी बदललं आहे, पुन्हा बघा. दोनशे उदाहरणं असली तर सगळी अशी तपासणं शक्य नाही. ज्यात पैसे, माप किंवा बाकी आहे तेवढी तपासा. गोट्या आणि पेन्सिलींच्या उदाहरणांत फारसं बिघडत नाही.

तुमच्या मुख्याध्यापकांचंही मला पटतं, पण त्यासाठी उदाहरणं विखरून ठेवू नका. आठ-दहा उदाहरणांचं वेगळं पान करा आणि वर चार ओळींत सांगा: तिथे 100 सेंटचा 1 डॉलर होतो, 25, 10 आणि 5 सेंटची नाणी अजून वापरात आहेत, आणि तिथल्या बहुतेक दुकानांत वस्तूवर लिहिलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो पैसे देताना वर लागतो. आपल्याकडे पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीत सगळे कर आलेले असतात. ही माहिती असली की «किमतीवर 8 टक्के कर» हे वाक्य मुलांना कोड्यासारखं वाटत नाही, आणि डॉलरचं पान हे खरोखर जग दाखवणारं पान होतं.

आता तुमची अडलेली टिप. «जेवणाचं बिल 40 डॉलर, त्यावर 15 टक्के टिप, एकूण किती?» उत्तर 46. तुम्ही बहुधा असं हॉटेल शोधत असाल जिथे आपली माणसं बिलावर टक्क्यानं पैसे ठेवतात. पलूसला नाही सापडणार. पुन्हा काम बघा: एका रकमेचे टक्के काढायचे आणि ते तिच्यातच मिळवायचे. सेलमधली सूट घेऊ नका, तिथे टक्के वजा होतात आणि उदाहरण उलटं होतं. बचत गटाचं व्याज घेण्याचा मोह होईल, पण तिथे शेकडा दोन रुपये महिना असं बोलतात, त्यामुळे महिने मोजणं मध्ये येतं. सातवीला ते स्वतंत्रपणे घ्या, फार चांगलं उदाहरण आहे, पण टिपेच्या जागी नको.

मी बिस्किटाचा पुडा घेतला. «40 ग्रॅमच्या पुड्यात आता 15 टक्के जादा. नव्या पुड्यात किती ग्रॅम?» आकडे तेच, उत्तर 46 ग्रॅम, आणि मुलांना ते अजिबात समजावून सांगावं लागलं नाही, कारण «जादा» हा शब्द ती पुड्यावर वाचूनच खाऊ घेतात. आदल्या दिवशी मुलांना सांगा, घरात «जादा» लिहिलेलं एखादं वेष्टण असेल, बिस्किटाचं, साबणाचं, टूथपेस्टचं, तर घेऊन या. त्यावर आधीचं वजन, जादाचे टक्के आणि एकूण वजन बहुतेक वेळा छापलेलं असतं. प्रत्येकानं आपल्या वेष्टणाचा हिशेब करायचा आणि छापलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा. माझ्या वर्गात एका वेष्टणाचा हिशेब छापलेल्या वजनाशी जुळेना, आणि त्या दिवशी मधली सुट्टी झाली तरी मुलं फळ्यापाशीच उभी होती.